१-० ने जिंकूनही पूर्ण पैसे का मिळत नाहीत: एशियन हँडिकॅप आणि ओव्हर-अंडर

प्रश्न: मी लेस्टरला राहतो. आजवर फुटबॉलवर फक्त जिंकणार, बरोबरी, हरणार एवढंच लावत आलो. परवा लायसन्स असलेल्या ॲपवर माझ्या टीमवर "-०.७५" ला १.८३ च्या भावाने २० पौंड लावले. टीम १-० जिंकली. मला ३६.६० मिळायला हवे होते, हातात आले २८.३०. ही चूक आहे का? आणि ओव्हर २.७५ म्हणजे काय, पाऊण गोल कसा होतो? कुणीतरी साध्या उदाहरणाने सांगा.

उत्तर:

चूक झालेली नाही, २८.३० हाच बरोबर आकडा आहे. मी अकरा वर्षं एका बुकमेकरच्या सेटलमेंट विभागात काढली. सामना संपल्यावर कुणाला किती द्यायचं हे ठरवणारा तो विभाग, आणि तिथे येणाऱ्या तक्रारींत तुमच्यासारखी तक्रार कायम असायची. म्हणून तुमचीच स्लिप घेऊन सांगतो.

त्याआधी एक स्पष्ट करतो. तुम्ही ब्रिटनमध्ये आहात आणि परवाना असलेल्या ठिकाणी खेळता, म्हणून हे लिहितो आहे. भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. गावाकडच्या कुणाला ही माहिती पुढे पाठवलीत तर तेही सोबत सांगा.

आता हँडिकॅप. कॅरममध्ये घरातल्या कच्च्या खेळाडूला आपण सुरुवातीलाच पाच गुण देतो, म्हणजे डाव रंगतो. इथेही तेच आहे, फक्त गुण मैदानावर दिले जात नाहीत, सामना संपल्यावर कागदावर धरले जातात. तुमची टीम वरचढ मानली गेली म्हणून तिच्या खात्यातून काही गोल वजा झाले. वजाचं चिन्ह म्हणजे वरचढ बाजू, अधिकचं चिन्ह म्हणजे सवलत मिळालेली बाजू. ही पद्धत आग्नेय आशियातली, विशेषतः इंडोनेशियातली. "एशियन हँडिकॅप" हे इंग्रजी नाव मात्र १९९८ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने दिलं.

या पद्धतीचा हेतू बरोबरीला बाजूला काढायचा आहे. तुमच्या सवयीच्या खेळात तीन दारं असतात, इथे दोनच. लाइन -०.५ असेल तर समजायला काहीच अवघड नाही. अर्धा गोल कधी होत नाही, त्यामुळे १-० जिंकलात तर अर्धा वजा करूनही पुढेच राहता, आणि ०-० झालं तर अर्ध्याने मागे पडता. म्हणजे -०.५ आणि तुमचं नेहमीचं "जिंकणार" ही एकच पैज आहे. दोन्हींचा भाव शेजारी ठेवून पाहिलात तर तो जवळपास सारखा दिसेल. नवीन ॲपवर आपण हँडिकॅप बरोबर वाचतोय का, हे तपासायची ही सगळ्यात सोपी खूण.

लाइन पूर्ण आकड्याची असेल, समजा -१, तर तिसरी शक्यता येते. तुमची टीम बरोबर एका गोलने जिंकली की एक वजा करून हिशेब बरोबरीत सुटतो आणि लावलेली रक्कम परत मिळते. दोन किंवा जास्त गोलांनी जिंकलात तर पैज जिंकली. बरोबरी झाली किंवा हरलात तर पैसे गेले.

-०.७५ या दोन लाइनींच्या मधोमध बसते, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. पाऊण गोल असं काही नसतं. ॲप तुमच्या रकमेचे गुपचूप दोन सारखे भाग करतं आणि शेजारच्या दोन लाइनींवर लावतं. तुमचे १० पौंड -०.५ वर गेले आणि १० पौंड -१ वर, दोन्ही १.८३ च्याच भावाने. काही ठिकाणी स्लिपवर "-०.५, -१" असं जोडीने लिहिलेलं असतं. ते वाचायला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता तुमचा १-० चा निकाल त्यात घाला. -०.५ वरचे १० पौंड जिंकले, त्याचे १८.३० झाले. -१ वरचे १० पौंड बरोबरीत सुटले, ते जसेच्या तसे १० परत आले. बेरीज २८.३०. तुमचा नफा ८.३० झाला, जो पूर्ण विजयाच्या १६.६० च्या बरोबर निम्मा आहे. याला अर्धा विजय म्हणतात. टीम २-० जिंकली असती तर दोन्ही भाग जिंकून ३६.६० मिळाले असते. १-१ झालं असतं तर दोन्ही भाग हरून २० चे २० गेले असते. या लाइनवर अर्धा तोटा होण्याची शक्यताच नाही, हे लक्षात ठेवा, कारण -०.५ आणि -१ यांच्यात मतभेद फक्त एका गोलच्या विजयावर होतो.

समोरच्या बाजूने पाहिलं की पक्कं बसेल. त्याच सामन्यात पाहुण्या टीमवर +०.७५ ला, समजा २.१० चा भाव होता आणि तुमच्या मित्राने तिथे २० लावले. त्याचे १० पौंड +०.५ वर, १० पौंड +१ वर. तुमची टीम १-० जिंकल्यावर त्याचे +०.५ वाले १० गेले आणि +१ वाले १० परत आले. त्याला १० पौंडांचा, म्हणजे अर्धा तोटा. सामना बरोबरीत सुटला असता, तर मात्र त्याला पूर्ण ४२ पौंड मिळाले असते. तुमचा अर्धा विजय हा त्याचा अर्धा पराभव, असं हे आरशासारखं चालतं.

-०.२५ आणि +०.२५ मध्येही हेच, फक्त तिथे कळीचा निकाल बरोबरीचा. -०.२५ म्हणजे अर्धी रक्कम ० वर आणि अर्धी -०.५ वर. बरोबरी झाली की ० वरची परत येते, -०.५ वरची जाते, म्हणजे अर्धा तोटा. +०.२५ वाल्याला त्याच बरोबरीत अर्धा विजय. यापुढे १.२५, १.७५ असं काहीही दिसलं तरी पाठ करू नका. पाव खाली आणि पाव वर अशा दोन लाइनी लिहा, रक्कम निम्मी-निम्मी वाटा, आणि प्रत्येक भागाचा निकाल वेगळा काढा.

ओव्हर-अंडरमध्ये कोण जिंकलं याचा संबंधच नाही. दोन्ही टीमचे गोल मिळून किती झाले, एवढंच पाहायचं. ओव्हर २.५ म्हणजे तीन किंवा जास्त गोल हवेत, अंडर २.५ म्हणजे दोन किंवा कमी. लाइन ३ असेल आणि बरोबर तीन गोल झाले तर दोन्ही बाजूंना रक्कम परत. आणि २.७५ म्हणजे अर्धी रक्कम २.५ वर, अर्धी ३ वर. ओव्हर २.७५ ला १.९५ च्या भावाने २० पौंड लावलेत आणि सामना २-१ सुटला, तर २.५ वरच्या १० चे १९.५० होतात, ३ वरचे १० परत येतात, एकूण २९.५०. चार गोल झाले तर ३९. दोनच झाले तर सगळे गेले. अंडर २.७५ वाल्याला तीन गोलांवर अर्धा तोटा होतो. दुसऱ्या बाजूला २.२५ ची लाइन अर्धी २ वर आणि अर्धी २.५ वर पडते, तिथे कळीचा आकडा दोन गोलांचा. ओव्हर २.२५ ला दोन गोलांवर अर्धा तोटा, अंडर २.२५ ला अर्धा विजय.

या दोन लाइनी एकत्र वाचायची सवय लावून घ्या, मला स्वतःला यात सगळ्यात जास्त रस वाटतो. हँडिकॅप सांगतं की बाजाराच्या मते दोन टीममध्ये किती गोलांचं अंतर आहे. ओव्हर-अंडरची लाइन सांगते की एकूण साधारण किती गोल अपेक्षित आहेत. समजा हँडिकॅप -०.७५ आणि एकूण गोल २.७५, आणि दोन्हीकडे भाव २ च्या आसपास. मग बेरीज करून निम्मं केलं की यजमानांचे १.७५ गोल, वजाबाकी करून निम्मं केलं की पाहुण्यांचा १ गोल. हा ढोबळ हिशेब आहे आणि भाव दोन्ही बाजूंना सारखे नसतील तर तो थोडा सरकतो. पण त्यातून कळतं की -०.७५ हा "एका गोलने जिंकणार" असा अंदाज नव्हे. पैसा दोन्ही बाजूंना साधारण सारखा वाटला जाईल अशी ती जागा आहे.

आता जिथे लोक खरोखर फसतात तिकडे वळू. त्यासाठी १८ डिसेंबर २०२२ ची लुसैलमधली वर्ल्ड कपची फायनल घेतो, कारण ती बहुतेकांना आठवते आणि एकाच सामन्यात सगळे प्रश्न येतात. मेस्सीने २३ व्या मिनिटाला पेनल्टीवर आणि डी मारियाने ३६ व्या मिनिटाला गोल करून अर्जेंटिनाला २-० ची आघाडी दिली. एम्बापेने ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला दोन्ही गोल फेडले. जादा वेळेत एकेक गोल होऊन ३-३ झालं आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ ने जिंकली.

पहिली गोष्ट, हे दोन्ही बाजार ठरलेल्या ९० मिनिटांवर आणि पंचाने वाढवून दिलेल्या मिनिटांवर निकाली निघतात. जादा वेळेचा बाजार वेगळा लिहिलेला नसेल तर तो धरतच नाहीत, शूटआउट तर नाहीच. म्हणजे आपल्यासाठी या फायनलचा निकाल २-२. सामन्याआधी अर्जेंटिनावर -०.२५ लावलेल्या माणसाने कप उचललेला पाहिला आणि तरी त्याची अर्धी रक्कम गेली. अंडर ४.५ वाला जिंकला, जरी शेवटी टीव्हीवर सहा गोल दिसत होते. तुमच्या नेहमीच्या "जिंकणार" पैजेलाही हाच नियम लागतो, फक्त बाद फेरीतच तो टोचतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सामना चालू असताना एशियन हँडिकॅप लावलं, तर त्या क्षणी लागलेला स्कोअर विसरला जातो. तुम्ही लावल्यापासून पुढे काय होतं तेवढंच मोजतात, जणू सामना तिथून ०-० ने सुरू झाला. आता ६० व्या मिनिटाला अर्जेंटिना २-० ने पुढे असताना एखाद्याने "अर्जेंटिना -०.५" पाहिलं. त्याला वाटलं, आधीच दोनने पुढे आहेत, अर्धा वजा केला तरी चिंता नाही. पण त्याच्या पैजेसाठी उरलेल्या वेळेत अर्जेंटिनाने फ्रान्सपेक्षा जास्त गोल करायला हवे होते. उरलेल्या वेळेचा निकाल ०-२ लागला आणि तो हरला. हँडिकॅप नसलेल्या "फ्रान्स ०" या लाइनवर त्याच मिनिटाला पैसे लावणारा मात्र पूर्ण जिंकला, जरी फ्रान्स ९० मिनिटांत जिंकलाच नव्हता.

तक्रारींच्या आमच्या टेबलावर याच प्रकारची भांडणं सगळ्यात कडवट असायची. एक गृहस्थ मला आजही आठवतात, फोनवर म्हणायचे, "अहो, माझी टीम जिंकली हे अख्ख्या जगाने पाहिलं." त्यांचं दुःख खरं होतं. नियम स्लिपवर होता, पण इतक्या बारीक अक्षरात की मला त्यांना दोष देववेना.

यात फसणार आहोत हे आधी ओळखायची खूण भावातच असते. टीम दोन गोलांनी पुढे आहे, तासभर खेळ झाला आहे आणि -०.५ ला भाव २ च्या आसपास किंवा वर दिसतोय. आधीचे गोल धरले जात असते, तर तो भाव १.०५ सारखा मामुली असता. इतकी पक्की वाटणारी गोष्ट कुणी दुप्पट भावाने विकत नसतं. बऱ्याच ठिकाणी लाइनीच्या शेजारी किंवा स्लिपवर पैज लावतानाचा स्कोअर, म्हणजे "२-०" असा, लिहिलेला असतो. तो सजावटीसाठी नाही, हिशेब तिथून सुरू होतो हे सांगण्यासाठी असतो.

ओव्हर-अंडरचं मात्र उलट आहे. तिथे सामना चालू असताना लावलं तरी सुरुवातीपासूनचे सगळे गोल धरतात. ६० व्या मिनिटाला २-० असताना ओव्हर २.५ घेतलं, तर फक्त एक गोल हवा होता आणि तो ८० व्या मिनिटाला आला. एकाच पानावर शेजारी-शेजारी असलेले दोन बाजार, आणि मोजायची रीत दोन तऱ्हेची. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका टळतात.

तिसरा सापळा शब्दांचा. काही ॲपवर नुसतं "हँडिकॅप" असा वेगळा बाजार असतो, त्यात बरोबरीसह तीन पर्याय असतात आणि तो कधी "०:१" असा लिहितात. तिथे -१ घेऊन टीम एका गोलने जिंकली तर पैसे परत येत नाहीत, पैज हरते, कारण हँडिकॅप धरून बरोबरी झाली आणि बरोबरीचा पर्याय वेगळा विकला जात होता. म्हणून आकडा वाचायच्या आधी पर्याय मोजा. तीन असतील तर तो एशियन नव्हे.

अनेक सामन्यांची साखळी लावत असाल तर अर्धे निकाल गुणाकारात जातात. तुमचा १.८३ चा अर्धा विजय साखळीत १.४१५ धरला जातो. दुसरा सामना २.०० ने जिंकला, तर २० पौंडांचे ७३.२० नाही, ५६.६० होतात. रक्कम परत येण्यासारखा निकाल १ धरतात, तर अर्धा तोटा ०.५ धरतात. म्हणजे दुसरा सामना २.०० ने जिंकूनही तुम्हाला जेमतेम आपलेच पैसे परत मिळतील.

राहिला भावांचा प्रश्न. आशियाई पद्धतीच्या काही पानांवर तुम्हाला १.८३ ऐवजी ०.८३ दिसेल. तो हाँगकाँग पद्धतीचा भाव, त्यात लावलेली रक्कम न धरता फक्त नफा लिहितात. मलेशियन पद्धतीत २.१० चा भाव -०.९१ असा दिसतो, म्हणजे १ जिंकण्यासाठी ०.९१ पणाला. वजाचं चिन्ह पाहून घाबरू नका, पण त्याला हँडिकॅपचं वजाही समजू नका. सेटिंगमध्ये जाऊन दशांश पद्धत निवडा, विषय संपला.

शेवटी हे सगळं तुम्हाला किती पौंडांना पडतं ते पाहू. तुमच्या सामन्यासाठी समजण्यापुरते आकडे धरू. असा सामना १०० वेळा झाला तर तुमची टीम ३६ वेळा दोन किंवा जास्त गोलांनी, २३ वेळा बरोबर एका गोलने जिंकते आणि ४१ वेळा जिंकत नाही. साध्या "जिंकणार" ला १.६२ चा भाव होता असं समजा. दर वेळी २० पौंड लावले, तर ५९ विजयांत १२.४० प्रमाणे ७३१.६० नफा होतो, ४१ वेळा २० प्रमाणे ८२० जातात, म्हणजे १०० पैजांत ८८ पौंडांचा तोटा. -०.७५ ला १.८३ ने लावले, तर ३६ वेळा १६.६० म्हणजे ५९७.६०, २३ वेळा ८.३० म्हणजे १९०.९०, आणि ८२० गेले. तोटा साधारण ३१.५० पौंड.

म्हणजे दर पैजेमागे ८८ पेन्स ऐवजी ३१ ते ३२ पेन्स. या बाजारात बुकमेकरचा वाटा कमी असतो, म्हणूनच जाणकार इकडे येतात. पण वाटा कमी आहे, शून्य नाही. समोरच्या +०.७५ ला २.१० ने लावणाऱ्या तुमच्या मित्राचाही याच आकड्यांवर दर पैजेमागे ४८ पेन्सचा तोटा होतो. दोन्ही बाजूंनी काहीतरी कापलं जातंच. आणि परत आलेली रक्कम खिशात न जाता लगेच पुढच्या सामन्यावर जाते, हे मी खात्यांच्या नोंदींत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आठवड्याला एक साधी पैज लावणारा माणूस हँडिकॅपवर आठवड्याला तीन लावू लागला, तर त्याचा तोटा ८८ पेन्सवरून ९४-९५ पेन्सवर जातो. दर पैजेमागचा तोटा जवळपास एक तृतीयांशावर येऊनही.